मोटर चालू, ताट्या कोरड्या: कूलरमधलं पाणी अडतं कुठे?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अकोल्याहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, कूलरची मोटर चालू आहे, तिची गुणगुण ऐकू येते, पण ताट्या कोरड्या ठणठणीत. पंखा नुसती गरम हवा फेकतोय. नवीन मोटर आणायला सांगू का यांना?"

मी म्हटलं, एक दिवस थांबा, मी येतोच आहे. गेलो तेव्हा मोटर अगदी ठीक निघाली. पाणी अडलं होतं ते कूलरच्या डोक्यावरच्या बोटभर जाडीच्या नळीत. दर उन्हाळ्यात विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात कितीतरी घरांतून चांगल्या मोटरी काढून फेकल्या जातात. नवी मोटर बसवून दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून हे सगळं मुळापासून सांगावंसं वाटलं.

आधी पाण्याचा रस्ता

लोखंडी किंवा प्लास्टिकच्या मोठ्या कूलरला, ज्याला डेझर्ट कूलर म्हणतात, खाली टाकी असते. टाकीत बुडालेला छोटा पंप असतो, त्यालाच आपण मोटर म्हणतो. पंपातून एक नळी उभी वर जाते आणि छपराखाली डिस्ट्रिब्यूटरला मिळते. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे तिन्ही बाजूंच्या ताट्यांना पाणी वाटून देणारी भोकांची नळी. काही कूलरमध्ये नळीऐवजी भोकं पाडलेली पन्हळ असते. काम तेच. भोकांतून पाणी ताटीच्या वरच्या कडेवर पडतं, गवतातून झिरपत खाली येतं आणि उरलेलं पुन्हा टाकीत जमा होतं.

पंखा बाहेरची कोरडी हवा या ओल्या गवतातून ओढतो. गवतावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. अंगावर घाम असताना वारा लागला की गार वाटतं, तसंच. गवत कोरडं असेल तर उडायला काहीच नाही, म्हणून ४३ अंशांची हवा जशीच्या तशी खोलीत येते.

या रस्त्यात सगळ्यात अरुंद जागा ती भोकं. साधारण तीन-चार मिलिमीटरची, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी.

मोटर चालू असेल तर पाणी चढायलाच हवं ना?

नाही, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. कूलरच्या पंपात एक पात्यांची चकती गरगर फिरते आणि पाण्याला बाहेर ढकलते. पुढची वाट बंद असली तरी चकती अडत नाही, ती जागच्या जागी पाणी घुसळत राहते. ताकात रवी फिरावी तशी. रवीचा आवाज येतो, ताक फिरतं, पण भांड्याबाहेर काही येत नाही. म्हणून "आवाज येतोय" याचा अर्थ एवढाच की चकती फिरतेय. पाणी वर पोचतंय की नाही, हे आवाजावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट पंपाच्या ताकदीची. डब्यावर "हेड" म्हणून एक आकडा असतो, बऱ्याचदा १.५ किंवा १.८ मीटर. पंप पाणी जास्तीत जास्त तेवढ्या उंचीवर नेऊ शकतो, पण अगदी त्या उंचीला पोचल्यावर धार शून्य होते. १.८ मीटर म्हणजे सुमारे सहा फूट. कूलरची नळी चार फूट चढत असेल तर पंपाकडे हाताशी थोडीच ताकद उरते. नळीला मुरड पडली, आत थर बसला किंवा टाकीतलं पाणी खाली गेलं की तीही संपते.

ताट्या बघूनच अर्धं निदान होतं

कूलर उघडण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. तिन्ही ताट्या कोरड्या असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक रस्त्यात आहे: पंप, उभी नळी किंवा डिस्ट्रिब्यूटरचं तोंड. एकच ताटी कोरडी असेल तर पंपाला हात लावायची गरज नाही, त्या बाजूची भोकं बंद आहेत किंवा कूलर एका अंगाला कलला आहे. ताटीवर उभे ओले पट्टे आणि मध्ये कोरडे पट्टे दिसत असतील तर काही भोकं उघडी, काही बुजलेली.

वहिनींच्या कूलरवर मागच्या ताटीच्या एका कोपऱ्यात हाताच्या तळव्याएवढा ओला डाग होता, बाकी सगळं कोरडं. तो डाग पाहूनच मला वाटलं की पंप पाणी चढवतोय.

आता हात घालायचा, पण आधी पिन काढून

इथे मी हात जोडून सांगतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन सॉकेटमधून पूर्ण काढून ती डोळ्यांसमोर ठेवायची, मगच कूलरला स्पर्श करायचा. पाण्यात बुडालेली मोटर, लोखंडी अंग आणि ओले पाय, यात एक सोललेली वायर जीव घ्यायला पुरते. विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात पाणी भरताना हात लावलेली लहान मुलंही असतात. तीन पिनांचा प्लग, चालू असलेलं अर्थिंग आणि घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवंच. आरसीसीबी म्हणजे वीज भलत्या वाटेने गळू लागली की क्षणात पुरवठा तोडणारं बटण. पंप चालू असताना पाण्यात बोट घालून बघणं कुठल्याही परिस्थितीत नको.

बादलीची परीक्षा

मोटर दोषी की डिस्ट्रिब्यूटर, हे एका बादलीने ठरतं. पिन काढून उभी नळी डिस्ट्रिब्यूटरपासून सोडवायची. शेजारी स्टुलावर दहा लिटरची बादली अशा उंचीला ठेवायची की तिचा काठ डिस्ट्रिब्यूटरच्या पातळीला येईल. नळीचं टोक बादलीत सोडून सुतळीने बांधायचं. मग बाजूला होऊन, कोरड्या जागी उभं राहून पिन लावायची आणि घड्याळ बघायचं. उंची तीच ठेवायला हवी, कारण बादली जमिनीवर ठेवली तर आजारी पंपसुद्धा जोरात धार सोडतो आणि आपण फसतो.

वहिनींच्या कूलरच्या पंपाने बादली ५५ सेकंदांत भरली. म्हणजे तासाला साडेसहाशे लिटर. तीन ताट्यांना हे भरपूर झालं. पिन काढून नळी परत जोडली आणि चालू केलं, तर तिन्ही बाजूंना मिळून चार-पाच ठिकाणी थेंब थेंब. निकाल लागला: पंप निर्दोष, डिस्ट्रिब्यूटर बुजलेला.

बादली भरायला तीन-चार मिनिटं लागली असती किंवा नळीतून काहीच आलं नसतं तर उलट दिशेने गेलो असतो. पंपाच्या तळाची जाळी काढून बघायची, तिथे गवताच्या काड्या, केस, प्लास्टिकचा तुकडा अडकतो. जाळीमागचं झाकण निघतं, आत चकती असते. ती बोटाने हलकेच फिरायला हवी. टाकी रिकामी होऊन पंप कोरडा चालला असेल आणि नंतर पाणी भरलं असेल तर आत हवा अडकते. तेव्हा पिन काढून पंप पाण्याखाली आडवा करायचा, बुडबुडे निघून गेले की काम झालं. हे सगळं करूनही धार आली नाही तरच नवीन पंप.

मग ही भोकं बुजतात कशाने?

डिस्ट्रिब्यूटर उपसून मी ओट्यावर ठेवला. भोकांच्या कडांना पांढरी, खरखरीत, फुलकोबीसारखी उगवण आली होती. आत सुई घालून फिरवली तर तांदळाच्या कणीएवढे पापुद्रे पडले. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे भोकातच बसलेला क्षार. बोअरचं पाणी जमिनीतून येताना हवेतला आणि मातीतला कर्बवायू सोबत घेतं आणि त्याच्या जोरावर चुनखडी विरघळवतं. कूलरमध्ये तेच पाणी हवेत उघडं पडतं, कर्बवायू निसटतो आणि विरघळलेली चुनखडी पुन्हा घट्ट होऊन बसते. पूर्वीच्या पितळी बंबात आणि आजच्या गीझरच्या कॉइलवर जो थर बसतो तो हाच. त्यात रोज कूलर बंद केला की भोकाच्या ओठावर एक थेंब लटकून राहतो. तो सुकतो तेव्हा त्यातला क्षार तिथेच राहतो. दिवसातून दोनदा कूलर बंद झाला तर तीन महिन्यांत एकाच जागी पावणेदोनशे थेंब सुकले. कडेला सगळीकडून फक्त एक मिलिमीटर थर बसला तर चार मिलिमीटरचं भोक दोनाचं होतं, आणि त्याचं तोंड निम्मं नव्हे, पावभर उरतं.

दुसरी म्हणजे टाकीतले पापुद्रे. टाकीच्या तळाला जाड थर असतो. मार्चमध्ये कूलर बाहेर काढताना तो हलतो, तडकतो, सुटतो. पंप ते तुकडे ओढून वर पाठवतो. उभ्या रुंद नळीतून ते सहज जातात आणि भोकाशी येऊन अडकतात. नवीन गवत बसवताना गळालेल्या बारीक काड्या त्यांच्याभोवती गुंतल्या की बूच तयार.

म्हणून "परवाच टाकी घासली होती, तरी कसं काय" असं लोक विचारतात त्याचं उत्तर त्यातच आहे. टाकी घासली, पापुद्रे सुटले, ते पूर्ण उपसले नाहीत आणि पंप सुरू केला. वहिनींनी नेमकं हेच केलं होतं.

एवढा क्षार येतो तरी कुठून?

हिशेब करून बघू. वहिनींच्या कूलरला रोज बारा लिटरच्या पाच बादल्या लागतात, म्हणजे ६० लिटर. त्यांच्या बोअरच्या पाण्याची कठीणता तपासणीत लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आली होती. कठीणता म्हणजे पाण्यात विरघळलेला, चुनखडीच्या मापात मोजलेला चुना आणि मॅग्नेशियम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ती २०० पर्यंत चांगली धरली आहे आणि दुसरं पाणी मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे हे पाणी काही जगावेगळं वाईट नाही.

६० लिटर गुणिले ४०० मिलिग्रॅम म्हणजे रोज २४ ग्रॅम. पाणी वाफ होऊन उडतं, पण क्षार उडत नाही. ९० दिवसांत २,१६० ग्रॅम. हे सगळंच थर होऊन बसत नाही, पण एका उन्हाळ्यात दोन किलोपर्यंत क्षार त्या कूलरमध्ये येतो आणि टाकी उपसली नाही तर बाहेर जायला त्याला दारच नाही. आमटी आटवत ठेवली की ती खारट होत जाते, वरून पाणी घालून परत आटवली तर आणखी खारट, तसा हा प्रकार. ६० लिटरच्या टाकीत रोज तेवढंच पाणी उडत असेल तर आठवड्याअखेर सुरुवातीच्या आठपट क्षार जमा झालेला असतो.

बॉलकॉक लावलेल्या कूलरची गत याहून वाईट. पाणी आपोआप भरतं, त्यामुळे महिना महिना कोणी टाकीत डोकावतच नाही.

काढायचा कसा?

आधी क्षार कोणता ते ओळखायचं. एक पापुद्रा घेऊन त्यावर लिंबू पिळायचं. बारीक फेस आला तर ती चुनखडी. फेस नाही, पण साध्या पाण्यात टाकल्यावर विरघळला तर ते मीठ. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारट आहे, तिथे मिठाचा वाटा मोठा असतो आणि ते नुसत्या पाण्याने धुतलं जातं. दोन्ही झालं नाही तर खरडण्याशिवाय इलाज नाही.

वहिनींकडचा पापुद्रा फसफसला. मग डिस्ट्रिब्यूटरसाठी दोन लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवलं. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून पांढरे दाणे मिळतात तेच. नळी पसरट टबात बुडवून दोन तास ठेवली. मधूनमधून जुन्या टूथब्रशने घासली, भोकांत आतून बाहेर काडी फिरवली आणि शेवटी बागेच्या पाइपचा जोर लावून उलट दिशेने धुतली. उलट अशासाठी की तुकडा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जावा, भोकात आणखी रुतू नये.

आता टाकी. टाकीत लिंबूसत्व ओतायचा मोह होतो, पण हिशेब जमत नाही. १०० ग्रॅम लिंबूसत्व जेमतेम ७५ ग्रॅम चुनखडी विरघळवतं. टाकीच्या तळाला किलोभर थर असेल तर सव्वा किलोहून जास्त लिंबूसत्व लागेल, आणि पत्र्याच्या टाकीत ते जास्त वेळ राहिलं तर जस्ताचा मुलामाही खाईल. त्यामुळे टाकी खरडायची: लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी, नारळाची शेंडी आणि भरपूर पाणी. लोखंडी उलथणं नको, मुलामा निघाला की गंज सुरू होतो. खरडलेलं सगळं तळाच्या बुचातून जात नाही, मोठे तुकडे सुपलीने उचलायचे. आम्ही उचललेला ऐवज तांब्याभर होता.

शेवटची पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. टाकी भरून, डिस्ट्रिब्यूटर न जोडता, उभ्या नळीचं टोक बादलीत सोडून पंप दोन मिनिटं चालवायचा. नळीत आणि पंपात राहिलेले कण बादलीत येतात. आमच्या बादलीच्या तळाला चमचाभर पांढरी वाळू जमली. ती डिस्ट्रिब्यूटरमध्ये गेली असती तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा फोन आला असता.

"पण आम्ही तर..."

संडास साफ करायचं ॲसिड वापरलं तर झटकन होईल, असं कोणीतरी सांगतंच. होतं झटकन, पण पत्र्याचा मुलामा आणि पंपाचे धातूचे भागही तितक्याच झटकन जातात, वाफा छातीत भरतात. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरीन निघतो. घरच्या कूलरला हे नको.

भोकं खिळ्याने मोठी करण्याचा उपाय मी स्वतः एकदा करून पाहिला आहे. पंपाजवळची मोठी भोकंच सगळं पाणी पिऊन टाकतात आणि टोकाची ताटी कोरडी राहते. शिवाय धार जाड झाली की पंखा थेंब ओढून खोलीत शिंपडतो.

मोठी मोटर लावली तर? बुजलेल्या भोकावर जोर वाढवला की नळीचा सांधा निसटतो, बूच निघत नाही.

तुरटी फिरवली तर पाणी नितळ दिसतं, पण तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेला क्षार नाही. आणि आरओचं वाया जाणारं पाणी कूलरला वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: आरओने पिण्याच्या पाण्यातून काढलेला क्षार त्याच पाण्यात असतो. पाणी वाचवण्याची इच्छा खरी आहे, मीही ते पाणी फरशी पुसायला ठेवतो, पण कूलरमध्ये घातलं तर थर लवकर बसतो.

पुढे बुजू नये म्हणून

क्षार येणं थांबवता येत नाही, त्याला बाहेरची वाट देता येते. वहिनींनी आता दर चौथ्या दिवशी सकाळी बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करायची ठरवलं आहे. चार दिवसांत क्षार पाचपटीवर जातो, तिथे तो कापायचा. उपसलेलं पाणी अंगणात शिंपडायला चालतं, कुंडीतल्या झाडांना मात्र नको. रिकाम्या टाकीच्या भिंती घासल्या की डेंग्यूच्या डासांनी पाण्याच्या रेषेवर चिकटवलेली अंडीही जातात.

पंप त्यांनी फरशीच्या तुकड्यावर ठेवला आहे, म्हणजे तळाचा गाळ तो ओढत नाही. पाणी मात्र कायम पंपाच्या वर राहील एवढं हवं. पंपाभोवती जुन्या मच्छरदाणीची जाळी बांधली आहे, ती आठवड्याला धुवायची, कारण जाळी बुजली तर पंपच उपाशी राहतो. आणि नवीन गवत बसवायच्या आधी ताट्या अंगणात आपटून झटकायच्या.

पावसाळ्यात कूलर आत ठेवताना दोन कामं. आधी टाकीत ताजं पाणी भरून अर्धा तास नुसता पंप चालवायचा, पंखा बंद. त्याने नळीतलं आटलेलं खारट पाणी निघून जातं. मग टाकी उपसून डिस्ट्रिब्यूटर काढायचा, झटकायचा आणि भोकं वर करून सावलीत ठेवायचा, म्हणजे भोकात थेंब अडकून सुकणार नाही. वहिनींनी तो पाट्या-वरवंट्याच्या मागे, खिळ्याला टांगायची जागा आत्ताच ठरवून ठेवली आहे.